सीसी लिमिट वाढवून मिळण्यासाठी बँकेला पत्र: मसुदा तपासून हवा आहे

कर्वेनगरकर | ११ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

नमस्कार. माझ्याकडे जुलै २०१९ पासून एका बँकेचे सीसी आहे आणि त्याची मर्यादा तेव्हापासून आजतागायत ६०,००० रुपयेच आहे. ते घेतले तेव्हा मी भोसरीला होतो आणि पगार हातात ३४,००० येत असे. आता चाकणला गुणवत्ता विभागात आहे, दरमहा ८८,६०० रुपये खात्यात जमा होतात आणि घरकर्जाचा २६,४०० रुपयांचा हप्ता जातो. मुलीची शाळेची फी, आईची औषधे, विम्याचा हप्ता आणि किराणा हे सगळे मी त्यावरच करतो आणि बिल नेहमी पूर्ण भरतो. गेल्या जूनमध्ये फी आणि विमा एकत्र आल्यामुळे बिल ५७,३०० झाले आणि दुकानात गॅस शेगडी घेताना व्यवहार नाकारला गेला. माझ्या मित्रांच्या मर्यादा ॲपमध्ये आपोआप वाढलेल्या दिसतात, मला मात्र गेल्या दोन वर्षांत एकदाही तसा प्रस्ताव आलेला नाही. म्हणून रीतसर पत्र द्यावे असे ठरवले आहे. मसुदा असा:

«महोदय, मी आपल्या नामांकित बँकेचा अनेक वर्षांपासूनचा प्रामाणिक ग्राहक असून माझे वार्षिक उत्पन्न १२.६ लाख रुपये आहे. माझा परतफेडीचा इतिहास निष्कलंक आहे. तरी माझी मर्यादा ३,००,००० रुपये करावी, ही नम्र विनंती. आपण सहानुभूतिपूर्वक विचार कराल अशी आशा आहे.»

यात काय वाढवावे, काय गाळावे, हे जाणकारांनी सांगावे.

---

भोसरी वर्कशॉप | ११ जानेवारी, रात्री १०.१५

नुसत्या पत्राने काम होणार नाही, हे अनुभवाने सांगतो. आमची मर्यादा गेल्या वर्षी २५ लाखांवरून ४० लाख झाली, त्यासाठी सीएकडून पुढील वर्षाचे अंदाजपत्रक, तीन वर्षांचे ताळेबंद आणि येणे बाकीची वयोमानानुसार यादी द्यावी लागली. स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला वेळेवर जाते का, हे बँक सर्वांत आधी पाहते, कारण ड्रॉइंग पॉवर त्यावरच निघते. आपले स्टेटमेंट कोणत्या तारखेला जाते?

---

कर्वेनगरकर | ११ जानेवारी, रात्री १०.३२

माफ करा, मी घाईत सीसी लिहिले. कॅश क्रेडिट नव्हे, साधे क्रेडिट कार्ड. माझ्याकडे स्टॉक म्हणाल तर घरात दोन पोती इंद्रायणी तांदूळ आहे.

---

सोनचाफा | १२ जानेवारी, सकाळी ८.०५

आजच्या काळात पत्र कोण वाचणार, असा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. माझ्या ॲपमध्ये मर्यादावाढीचा पर्याय आला, मी संमती दिली, ओटीपी टाकला आणि दोन मिनिटांत ८०,००० चे १,३०,००० झाले. आपल्याकडे तो पर्याय दिसत नसेल तर सहा महिने थांबावे, तो येतोच.

---

टिळक रोड | १२ जानेवारी, सकाळी ११.२०

दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की बँका मागितलेल्याच्या निम्मे देतात, म्हणून तीन लाख हवे असतील तर सहा लाख मागावेत. मंडईत आपण हेच करतो. दुसरी, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अर्ज नाकारल्यास बँकेला लेखी कारण द्यावेच लागते, त्यामुळे पत्रात त्या नियमाचा उल्लेख ठणकावून करावा. नाहीतर थेट लोकपालाकडे जाता येते.

---

जुनी वही | १२ जानेवारी, दुपारी ३.४५

मी एका बँकेच्या पत-विभागात बावीस वर्षे काम करून निवृत्त झाले आहे आणि त्यांतील शेवटची सहा वर्षे कार्डांचे अर्ज पाहण्यात गेली. कर्वेनगरकर, मसुद्याबद्दल नंतर लिहिते. आधी तीन प्रश्नांची उत्तरे द्या. आपला पगार याच बँकेत जमा होतो का? बिलाचे पैसे आपोआप वळते होतात की आपण स्वतः भरता? आणि ‘निष्कलंक’ हा शब्द आपण आपला पत-अहवाल पाहून लिहिला आहे की आठवणीवरून?

---

कर्वेनगरकर | १२ जानेवारी, रात्री ९.१०

ताई, पगार आधी याच बँकेत होता. फेब्रुवारी २०२४ पासून कंपनीने सर्वांची पगाराची खाती दुसऱ्या बँकेत नेली. बिल आपोआप वळते होते. अहवाल पाहिला नव्हता. आपण विचारल्यावर आज काढला. चारही पत-माहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात, हेही मला आजच कळले. त्यात एक गोष्ट निघाली. मार्च २०२४ च्या रकान्यात बाकी सर्व महिन्यांसारखे ००० नसून ००७ आहे.

घडले ते असे. पगार नव्या बँकेत गेला, पण कार्डाची वसुली जुन्याच खात्याला जोडलेली राहिली. त्या महिन्याचे बिल ३१,४८० रुपयांचे होते, देय तारीख २४ मार्च होती आणि जुन्या खात्यात जेमतेम तीन हजार होते. मी तेव्हा पुरवठादाराच्या ऑडिटसाठी छत्रपती संभाजीनगरला होतो आणि बँकेच्या रोजच्या जाहिरातींच्या संदेशांत तो एक खरा संदेश बुडून गेला. २ एप्रिलला लक्षात येताच विलंब शुल्कासह पूर्ण रक्कम भरली आणि नव्या खात्यावरून वसुलीची सूचना नोंदवली. त्यानंतर एकही चूक नाही.

---

जुनी वही | १३ जानेवारी, सकाळी १०.३०

मला हाच संशय होता. आपल्याला दोन वर्षांत प्रस्ताव का आला नाही, याचे उत्तर बहुधा यातच आहे, आणि ते मर्यादेपेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे.

क्षणभर आपण बँकेच्या खुर्चीत बसा. आपली नोकरी बदललेली त्यांना ठाऊक नाही, आपला पगार वाढलेला ठाऊक नाही, कंपनीने खाती हलवली हेही ठाऊक नाही. त्यांना एवढेच दिसते की २०१९ मध्ये ३४,००० उत्पन्न लिहून दिलेल्या ग्राहकाचा पगार फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाएकी यायचा बंद झाला, पुढच्याच महिन्यात त्याची वसुली परत गेली आणि त्यानंतर तो ६०,००० च्या मर्यादेपैकी पाऊण भाग दरमहा वापरतो आहे. कागदावर ही नोकरी गेलेल्या आणि कार्डावर घर चालवणाऱ्या माणसाची कहाणी आहे. यंत्र अशा माणसाला प्रस्ताव पाठवत नाही, आणि सोनचाफा यांनी सुचवल्याप्रमाणे सहा महिने थांबल्याने ती कहाणी बदलणारही नाही. त्यांचा पगार बहुधा त्याच बँकेत येत असणार, म्हणून त्यांचे दोन मिनिटांत झाले.

म्हणून आपल्या पत्राचे काम विनंती करणे हे दुय्यम आणि ही चुकीची कहाणी कागदपत्रांसह खोडून काढणे हे मुख्य. ‘नामांकित’, ‘प्रामाणिक’, ‘सहानुभूतिपूर्वक’ हे शब्द काढून टाका. मी असली पत्रे हजारोंनी वाचली आहेत आणि डोळा त्यांवरून न थांबता पुढे जातो. ‘निष्कलंक’ तर आधी काढा, कारण अधिकाऱ्याच्या पडद्यावर ००७ दिसत असताना तो शब्द वाचला की उरलेल्या पत्रावरचाही विश्वास उडतो. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला तरच बँकेने ती थकबाकी म्हणून कळवावी असा नियम आहे. महिनाअखेरीला आपले सात दिवस झाले होते, त्यामुळे नोंद योग्यच आहे आणि ती लपणार नाही. ती आपणच सांगावी, दोन वाक्यांत, रडगाणे न गाता.

उत्पन्नाचा आकडाही बदलावा लागेल. १२.६ लाख हा कंपनीचा आपल्यावरचा एकूण खर्च असावा, त्यात कंपनीने भरलेला भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. फॉर्म १६ वर किती आहे?

---

कर्वेनगरकर | १३ जानेवारी, रात्री ८.५०

बरोबर ओळखलेत, ती सीटीसी आहे. २०२४-२५ च्या फॉर्म १६ वर एकूण पगार १०,६२,००० आहे. एप्रिल २०२५ पासून पगारवाढ झाली, आता महिन्याचा ढोबळ पगार ९५,००० आहे. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे ५,७००, व्यवसाय कराचे २०० आणि बस-कॅन्टीनचे ५०० वजा जाऊन ८८,६०० येतात. गेल्या बारा बिलांची बेरीज केली, ती ५,२८,००० झाली, म्हणजे सरासरी महिना ४४,०००. आणखी एक, माझ्याकडे दुसऱ्या बँकेचे ४०,००० मर्यादेचे एक कार्ड पडून आहे. ते पत्रात लिहू नये ना?

---

जुनी वही | १४ जानेवारी, सकाळी ११.१५

लिहावे. बँकेने मर्यादा ठरवताना ग्राहकाच्या इतर सर्व कार्डांच्या मर्यादा विचारात घ्याव्यात असे निर्देशच आहेत आणि ते कार्ड अहवालात दिसतेच. आपण न लिहिल्याने ते अदृश्य होत नाही, उलट आपण लपवले एवढेच दिसते.

आता किती मागावे. टिळक रोड यांचा मंडईचा न्याय इथे लागू होत नाही, कारण समोर भाव करणारा माणूस नसून आधी ठरलेले गणित असते. आमच्याकडे, सर्व कार्डांची मर्यादा पूर्ण वापरली गेली तर तिच्या ५ टक्के महिन्याची जबाबदारी धरत असू. आपण तीन लाख मागितले तर दुसऱ्या कार्डासह ३,४०,००० होतात, त्यांचे ५ टक्के १७,०००, त्यात घरकर्जाचा हप्ता मिळवला की ४३,४००. हातात येणाऱ्या पगाराचा हा जवळजवळ निम्मा भाग झाला. दीड लाख मागितले तर १,९०,००० चे ९,५०० आणि हप्ता मिळून ३५,९००, म्हणजे साधारण ४० टक्के. प्रत्येक बँकेचे कोष्टक वेगळे असते, पण दुसरा आकडा वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी आणत नाही.

शिवाय दीड लाखाला आपल्याजवळ कारण आहे. ४४,००० चे सरासरी बिल ६०,००० च्या मर्यादेत ७३ टक्के होते, दीड लाखात ते २९ टक्के होईल. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहावे हा नियम नव्हे, आडाखा आहे. तरी खर्च न वाढवता वापराचे प्रमाण खाली येईल, हे सांगणारे पत्र मी तरी वेगळे काढून ठेवले असते. तीन लाखांना आपल्याजवळ काय कारण आहे?

लेखी कारणाचा नियम मी वाचला आहे तो नव्या कार्डाच्या अर्जाबाबत आहे. मर्यादावाढीसाठी कारण जरूर विचारावे, पण नियम दाखवून ठणकावण्यात अर्थ नाही. आणि लोकपाल बँकेच्या व्यावसायिक निर्णयात पडत नाही. पत्राची दखलच घेतली नाही तर तक्रार होऊ शकते, कमी रक्कम दिली म्हणून नव्हे.

---

टिळक रोड | १४ जानेवारी, दुपारी १२.४०

नियमाचा मुद्दा मान्य आहे, माझा गैरसमज होता. मात्र जास्त मागण्याने माझे काम दोनदा झाले आहे, त्यामुळे ते मी पूर्ण सोडणार नाही.

---

कागदवाला | १४ जानेवारी, दुपारी ४.२०

अप्पा बळवंत चौकाजवळ माझे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. जूनमध्ये माल उचलताना कार्डाची मर्यादा अपुरी पडते. माझी विवरणपत्रे दोन वर्षांची आहेत, पण त्यांत उत्पन्न ४,८०,००० दिसते आणि खात्यातून मात्र त्याच्या कितीतरी पट रक्कम फिरते. पत्रात उलाढाल लिहावी की विवरणपत्रातले उत्पन्न? बिल मी कधी पूर्ण भरतो, कधी किमान रक्कम भरून पुढच्या महिन्यात चुकते करतो. उशीर कधीच केलेला नाही.

---

जुनी वही | १४ जानेवारी, सायंकाळी ६.००

उत्पन्न विवरणपत्रातलेच लिहावे, उलाढाल हे उत्पन्न नव्हे. किमान रक्कम भरणे म्हणजे उशीर नव्हे हे खरे, पण पूर्ण भरणारा आणि किमान भरणारा यांत बँक फरक करते. हंगामी मालासाठी कार्ड वापरण्यापेक्षा भोसरी वर्कशॉप यांची सीसी आपल्या उपयोगाची आहे, त्यांना विचारा.

---

भोसरी वर्कशॉप | १४ जानेवारी, सायंकाळी ६.२५

म्हणजे माझा प्रतिसाद वाया गेला नाही. कागदवाला, आपण वेगळा धागा काढावा, तिथे लिहितो.

---

कर्वेनगरकर | १५ जानेवारी, रात्री १०.०५

सुधारलेला मसुदा देत आहे.

«प्रति,
मा. व्यवस्थापक, क्रेडिट कार्ड विभाग
(शाखेमार्फत, पुणे)

विषय: शेवटचे चार अंक ×××× असलेल्या कार्डाची मर्यादा ६०,००० वरून १,५०,००० रुपये करण्याबाबत

महोदय/महोदया,

वरील कार्ड मी जुलै २०१९ पासून वापरत आहे. कार्ड घेताना नोंदवलेले माझे मासिक उत्पन्न ३४,००० रुपये होते. सध्या मी चाकण येथील कंपनीत नोकरीस असून माझा ढोबळ मासिक पगार ९५,००० रुपये आहे व कपातींनंतर ८८,६०० रुपये खात्यात जमा होतात. २०२४-२५ च्या फॉर्म १६ वर एकूण पगार १०,६२,००० रुपये आहे. एप्रिल २०२५ मधील पगारवाढीमुळे सध्याची रक्कम त्याहून अधिक आहे व वाढीचे पत्र सोबत जोडले आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून कंपनीने सर्व कर्मचाऱ्यांची पगाराची खाती दुसऱ्या बँकेत नेल्यामुळे माझा पगार आपल्या बँकेत जमा होणे थांबले. माझी नोकरी अखंड चालू आहे. या बदलाच्या वेळी जुन्या खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याने २४ मार्च २०२४ रोजी देय असलेल्या बिलाची वसुली परत गेली. ती रक्कम मी २ एप्रिल २०२४ रोजी विलंब शुल्कासह पूर्ण भरली. ऑगस्ट २०१९ पासूनच्या ७८ बिलांपैकी उशिरा भरलेले बिल हे एकच असून बाकी सर्व बिले देय तारखेच्या आत पूर्ण भरली आहेत.

गेल्या बारा बिलांची एकूण रक्कम ५,२८,००० रुपये, म्हणजे मासिक सरासरी ४४,००० रुपये आहे. ही सध्याच्या मर्यादेच्या ७३ टक्के होते. मागितलेल्या मर्यादेत ती २९ टक्के होईल. माझ्या घरकर्जाचा मासिक हप्ता २६,४०० रुपये आहे आणि अन्य बँकेचे ४०,००० रुपये मर्यादेचे एक कार्ड आहे, त्यावर काहीही बाकी नाही.

सोबत तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६, पगारवाढीचे पत्र आणि पगाराच्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा स्वाक्षांकित करून जोडला आहे. मागितलेली पूर्ण मर्यादा देणे शक्य नसल्यास किती देता येईल व का, हे कळवावे.

आपला विश्वासू»

---

जुनी वही | १६ जानेवारी, सकाळी ९.२०

द्या. स्वाक्षरी बँकेत नोंदवलेली असेल तीच करा, आणि पूर्ण कार्ड क्रमांक कुठेही लिहू नका. झेरॉक्सच्या दुकानापासून टपालापर्यंत तो दहा हातांतून जातो. शाखेत आवक शिक्क्याची पोच घ्या आणि त्याच दिवशी नोंदवलेल्या ई-मेलवरून हेच पत्र कार्ड विभागालाही पाठवा, कारण कार्डाचा निर्णय शाखा घेत नाही.

---

सोनचाफा | १६ जानेवारी, सकाळी ९.५०

एक शंका आहे. अशा अर्जाने अहवालात चौकशीची नोंद होऊन गुण कमी होतात का? माझ्या वेळी काहीच दिसले नव्हते.

---

टिळक रोड | १६ जानेवारी, सकाळी १०.०५

माझ्या वेळी दोन्ही वेळा नोंद दिसली होती. गुण किती हलले ते पाहिले नव्हते.

---

कर्वेनगरकर | ९ फेब्रुवारी, रात्री ८.१५

उशिराने कळवत आहे. शाखेतल्या बाईंनी पत्र पाहून ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे सांगितले. मी पोच तेवढी मागितल्यावर त्यांनी खणातून शिक्का काढला, शाई वाळलेली होती म्हणून दोनदा उमटवला आणि त्याखाली तारीख हाताने लिहिली. ई-मेलला मात्र सहाव्या दिवशी उत्तर आले. त्यांनी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला दूरध्वनी करून नोकरीची खातरजमा केली आणि काल १,२०,००० ची मर्यादा देऊ केली. कारण एका ओळीत दिले आहे: ‘अंतर्गत धोरणानुसार’. दीड लाख का नाहीत ते कळले नाही. मधल्या काळात मर्यादावाढीसाठी ओटीपी मागणारा एक दूरध्वनीही आला, तो मी बंद केला. खरी संमती बँकेच्या ॲपमध्ये शिरून दिली.

चौकशीची नोंद झाली की नाही, हे पुढचा अहवाल आल्यावर लिहीन.

---

जुनी वही | ९ फेब्रुवारी, रात्री ९.००

१,२०,००० मध्ये ४४,००० म्हणजे ३७ टक्के. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा विचारा, तोवर मार्च २०२४ आणखी मागे पडेल. एक काम मात्र आजच करा. नव्या खात्यावरून वसुलीची जी सूचना नोंदवली आहे, तिच्यात कमाल रक्कम किती लिहिली होती ते पाहा. पुष्कळ लोक तिथे जुन्या मर्यादेएवढाच आकडा टाकतात आणि बिल त्याच्या वर गेले की वसुली परत जाते.

---

कर्वेनगरकर | ९ फेब्रुवारी, रात्री ९.४५

पाहिले. कमाल रक्कम ६०,००० च आहे. उद्या बदलतो. जूनच्या आधी विचारलेत, हे बरे झाले.